ते कापलेले 75 सेकंद: एका इंडक्शन व्हिडिओची चिकित्सा

मागच्या पोस्टवर दोघातिघांनी विचारलं होतं की "क्रिटिकल रिव्ह्यू" म्हणजे नेमकं काय करायचं? गाईड म्हणतात "क्रिटिकली बघा", आणि आपण दोन चांगले मुद्दे, दोन वाईट मुद्दे लिहून मोकळे होतो. आज मी पेपर घेत नाहीये. एक व्हिडिओ घेतेय. भोसरीतल्या एका छोट्या प्रेस शॉपने नवीन कामगारांसाठी बनवलेला. ऑनबोर्डिंग म्हणा, तिथे सगळे इंडक्शन म्हणतात. साडेसहा मिनिटांचा आहे, मोबाईलवर शूट केलेला. खरं चित्रण, खाली मराठी कॅप्शन आणि मध्ये मध्ये साधं अ‍ॅनिमेशन. मालकांच्या पुतण्याने तीन रविवार घालवून बनवला आणि मला "जरा बघून सांगा ताई" म्हणून दिला. कारखान्याचं नाव घेणार नाही, त्याची गरजही नाही.

पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो आवडला, हे आधीच कबूल करते. आवाज स्वच्छ, माणसं खरी, नाटकीपणा नाही. दुसऱ्यांदा बघताना 3:12 ला अडकले. पुढची सगळी पोस्ट त्या एका जागेबद्दल आहे.

3:12 ला काय दिसतं

प्रसंग असा. ऑपरेटर पॉवर प्रेसवर काम करतोय. पत्रा डायमध्ये अडकतो. निवेदक सांगतो, "जॉब अडकला तर आधी मशीन बंद करा आणि मगच काढा." ऑपरेटर लाल बटण दाबतो. पुढच्या शॉटमध्ये त्याचा हात डायमध्ये आहे, तो पत्रा काढतोय. खाली कॅप्शनमध्ये तेच वाक्य. मग पुढचा विषय, हेल्मेट.

चूक दिसली? मलाही पहिल्यांदा दिसली नव्हती. निवेदन बरोबर वाटतं, कॅप्शन बरोबर वाटतं, चित्रण तर खरंच आहे. पण बटण दाबणं आणि हात घालणं यांच्यामध्ये एक कट आहे, आणि त्या कटमध्ये जे गेलं तेच शिकवायचं होतं.

समजून घेण्यासाठी मशीनच्या पोटात डोकवावं लागेल. लहान शॉपमधल्या जुन्या सी-फ्रेम प्रेसमध्ये मोटर थेट रॅमला हलवत नाही. मोटर पट्ट्याने एक जड फ्लायव्हील फिरवते, आणि ते क्रँकशाफ्टवर मोकळं फिरत राहतं. तुम्ही पायडल दाबलंत की एक की फिरते आणि फ्लायव्हील शाफ्टला जोडलं जातं. शाफ्टची एक पूर्ण फेरी होते, रॅम खाली येऊन वर जातो आणि वर पोचल्यावर की परत सुटते. मिनिटाला 50-60 स्ट्रोकचं मशीन असेल तर ही फेरी साधारण एका सेकंदाची. आणि एकदा की बसली की मधे थांबवता येत नाही. फेरी पूर्ण होणारच.

आता लाल बटण दाबा. काय बंद झालं? मोटर. फ्लायव्हील फिरतंच आहे. त्यात साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे वेग निम्मा झाला तरी पाव ऊर्जा शिल्लक. पत्रा कापायला कदाचित ती अपुरी पडेल, पण बोटाला पाव काय, त्याहून कितीतरी कमी पुरते. या अवस्थेत पायडलवर पाय पडला, किंवा कीची स्प्रिंग झिजली-तुटली असेल, तर रॅम खाली येतो. "बंद" मशीनचा.

त्या शॉपमधल्या मशीनवर आम्ही घड्याळ लावून बघितलं. मोटर बंद केल्यापासून चाक पूर्ण थांबेपर्यंत 75 सेकंद गेले. तिथले सर्वांत जुने ऑपरेटर मामा हसले. "अहो ताई, चाक थांबेपर्यंत तंबाखू मळून होते माझी. तोवर हात खिशात." मामांना हे माहीत आहे. व्हिडिओत लाल बटण दाबणारे हात मामांचेच आहेत, आणि शूटिंगच्या वेळी ते खरोखर थांबले होते. पुतण्याने मूळ फाईल दाखवली, त्यात सगळी वाट आहे. मग काढली का? त्याचं उत्तर प्रामाणिक होतं: "एवढा वेळ नुसतं चाक कोण बघणार?"

कट काही "सांगत" नाही, पण शिकवतो

सिनेमा बघून आपल्याला सवय झालेली असते की कट म्हणजे मधलं बिनमहत्त्वाचं गाळलं. नायक दार उघडतो, पुढच्या शॉटमध्ये ऑफिसात. मधला प्रवास आपण मनात भरून घेतो, कारण प्रवास कसा असतो ते आपल्याला माहीत आहे. नवीन कामगाराला मधलं काय ते माहीतच नाही. तो काय भरणार? तो "लगेच" भरतो.

मला खात्री करायची होती, म्हणून त्याच आठवड्यात रुजू झालेल्या चार मुलांना व्हिडिओ दाखवला. हा अभ्यास नव्हे, चार माणसांवरून काही सिद्ध होत नाही. पण चिकित्सा करताना आपला अंदाज कुठे तरी घासून बघावा लागतो. नंतर "समजलं का?" विचारलं. चौघंही हो म्हणाले. मग दुसरा प्रश्न विचारला: "मोटर बंद केली, चाक फिरतंय, आणि चुकून पायडल दाबलं गेलं. काय होईल?" दोघं गप्प राहिले. एक म्हणाला, रॅम येईल, कारण त्याने आधी दुसरीकडे प्रेसवर काम केलं होतं. चौथा, बिहारहून आलेला अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, आत्मविश्वासाने म्हणाला, "कुछ नहीं होगा दीदी, मशीन तो बंद है ना."

हे वाक्य त्याने व्हिडिओतूनच उचललं. व्हिडिओ बघण्याआधी बहुधा तो घाबरून राहिला असता. बघितल्यावर त्याला चुकीची खात्री मिळाली.

इथे एक गोष्ट लिहून ठेवा, तुमच्या प्रपोजलमध्ये लागेल. "समजलं का?", "आवडला का?" हे प्रश्न शिकणं मोजत नाहीत. मल्टिमीडिया लर्निंगवर काम करणारे रिचर्ड मेयर आठवणं आणि लागू करता येणं, म्हणजे रिटेन्शन आणि ट्रान्सफर, यांत नेहमी फरक करतात. "आधी मशीन बंद करा" हे चौघांनाही आठवत होतं. पण पायडलच्या प्रश्नाला फक्त एकाकडे बरोबर उत्तर होतं, आणि तेही व्हिडिओतून आलेलं नव्हतं. तुमच्या साधनात फक्त पहिल्या प्रकारचा प्रश्न असता तर हा व्हिडिओ शंभर टक्के यशस्वी ठरला असता.

तीन थर, आणि कोणाचं काम कोणाला दिलंय

आता पूर्ण व्हिडिओकडे बघू. खरं चित्रण, कॅप्शन आणि अ‍ॅनिमेशन एकत्र वापरायचं तर प्रत्येकाला त्याला जमणारं काम द्यावं लागतं. इथे कामांची अदलाबदल झालीय.

अ‍ॅनिमेशन कुठे वापरलंय? हेल्मेट घालणाऱ्या कार्टून कामगारासाठी, आणि गेटमधून आत येणाऱ्या बाणांसाठी. दोन्ही गोष्टी कॅमेऱ्याने सहज दिसतात. आणि जे कॅमेऱ्याला दिसूच शकत नाही, म्हणजे की फ्लायव्हीलला शाफ्टशी कशी जोडते, ते दाखवायला चित्रण वापरलंय: बंद कव्हरवर चार सेकंद झूम. कव्हरच्या आत काय आहे ते कोणाला कळणार?

अ‍ॅनिमेशन म्हणजे आपोआप चांगलं शिकणं, असंही नाही बरं का. बार्बरा ट्वर्स्की, ज्युली मॉरिसन आणि मिरेइ बेत्रांकूर यांचा 2002 चा पेपर या बाबतीत वाचायलाच हवा. त्यांचं म्हणणं असं की ज्या तुलनांमध्ये अ‍ॅनिमेशन जिंकलेलं दिसतं, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्यात स्थिर चित्रापेक्षा जास्तीची माहितीच घातलेली असते. शिवाय अ‍ॅनिमेशन इतक्या वेगाने सरकतं की डोळा ते पकडू शकत नाही. उलट हॉफलर आणि लॉइटनर यांनी 2007 मध्ये 26 अभ्यास एकत्र करून बघितलं, तर स्थिर चित्रांपेक्षा हलत्या चित्रांचा फायदा दिसला. हाताने करायच्या कृती शिकवताना तो जास्त ठळक होता. दोन्ही पेपर एकमेकांना खोडतात असं समजू नका. आपल्या कामापुरता अर्थ इतकाच: हलतं चित्र तिथे वापरा जिथे हालचाल हाच विषय आहे, आणि ते डोळ्याला झेपेल इतकं हळू आणि साधं ठेवा.

कॅप्शनची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. 3:12 च्या कॅप्शनमध्ये निवेदनाचंच पूर्ण वाक्य आहे, दहा शब्दांचं, आणि ते जेमतेम तीन सेकंद टिकतं. ते पडद्याच्या तळाला, आणि हात पडद्याच्या वरच्या भागात. नवीन माणूस वाचायला खाली बघतो, तेवढ्यात वर हाताने काय केलं ते निसटतं. मेयर यांचं रिडंडन्सी तत्त्व हेच सांगतं: चित्र आणि आवाज असताना तेच शब्द पुन्हा पडद्यावर लिहिले तर बहुधा नुकसान होतं.

पण थांबा. इथेच आपण घाईने निकाल देतो. मेयर यांचे बरेचसे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेज विद्यार्थ्यांवर, त्यांच्याच भाषेत, शांत खोलीत झाले. भोसरीतला हा व्हिडिओ शेडच्या कोपऱ्यात, प्रेस चालू असताना, मोबाईलवर बघितला जातो. बघणाऱ्यांपैकी अनेकांची भाषा हिंदी, भोजपुरी किंवा ओडिया. आवाज नीट ऐकू येत नसेल तर कॅप्शन ही पुनरुक्ती राहत नाही, तोच एकमेव शब्द उरतो. म्हणून "कॅप्शन काढून टाका, मेयर म्हणतात" असं लिहिलंत तर ती चिकित्सा नाही, तत्त्वाची नक्कल आहे. त्या तत्त्वाच्या अटी इथे लागू पडतात का, हे आधी तपासायचं.

मेयर आणि जॉन्सन यांच्या 2008 च्या कामात मधला रस्ता आहे. पूर्ण वाक्याऐवजी दोन-तीन शब्द, आणि तेही चित्रातल्या त्या वस्तूच्या शेजारी ठेवले, तर ते नडत नाहीत, काय बघायचं ते दाखवून देतात. इथे तोच उपयोगी पडतो. आणि वेळ ठरवायची सोपी युक्ती: शॉपमधल्या अडखळत वाचणाऱ्या माणसाला कॅप्शन मोठ्याने वाचायला सांगा, घड्याळ लावा, त्यावर दोन सेकंद वाढवा.

तोच प्रसंग पुन्हा कापला तर

टीका करून सोडून देणं सोपं असतं. म्हणून मी आणि पुतण्याने एका संध्याकाळी तोच तुकडा पुन्हा जुळवला. नवीन शूटिंग फक्त अर्ध्या तासाचं लागलं.

पहिलं, कॅमेरा कुठे ठेवायचा. जुन्या व्हिडिओत तो ऑपरेटरच्या समोर होता, त्यामुळे डावं-उजवं उलटं दिसत होतं. आम्ही तो मामांच्या खांद्यामागे नेला. फिओरेला आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये सर्किट जोडण्याच्या कामावर दाखवलंय की करणाऱ्याच्या नजरेतून घेतलेल्या व्हिडिओने समोरून घेतलेल्यापेक्षा चांगलं शिकता येतं. प्रेससमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला प्रेस जशी दिसते तशीच पडद्यावर दिसायला हवी.

दुसरं, चाक. जाळीमागचं गुळगुळीत, एकाच रंगाचं चाक व्हिडिओत थांबल्यासारखंच दिसतं, फिरतंय हे कळतच नाही. चाक थांबवून, मेन स्विच बंद करून आम्ही त्याच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढला. आता पट्टा वर येतो, खाली जातो, आणि हळू होत थांबतो. व्हिडिओसाठी केलेली ही खूण आता मशीनवरही कायम राहिली. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला सर्वांत उपयोगी भाग तोच, कारण त्यासाठी व्हिडिओ बघावा लागत नाही.

तिसरं, ते 75 सेकंद. आम्ही ते कापले नाहीत. मामा पायडलवरून पाय मागे घेतात, लाल बटण दाबतात, हात मागे घेतात. कोपऱ्यात मोठ्या आकड्यांत सेकंद सुरू होतात. पहिले 20 सेकंद पडद्यावर फक्त चाक, शेजारी दोन शब्द: "अजून फिरतंय". मग 35 सेकंद अ‍ॅनिमेशन, पण चाकाची घरघर आणि कोपऱ्यातला आकडा तसाच चालू. अ‍ॅनिमेशनमध्ये एकच आडवा छेद आहे. फ्लायव्हील लाल, शाफ्ट करडा, की पिवळी, खाली रॅम. आधी लाल चाक एकटंच फिरतं. मग पायडल दबतं, पिवळी की वळते, शाफ्ट लाल होतो, रॅम खाली येतो. हे दोनदा, खऱ्यापेक्षा चारपट हळू. मोटरचं चित्र या सगळ्या वेळात फुलीसकट बंद दिसतं. शेवटचे 20 सेकंद पुन्हा खरं चाक, पट्टा रेंगाळत थांबतो, आणि तेव्हाच "थांबलं" हा शब्द येतो.

त्यानंतरच मामा मेन स्विच बंद करून कुलूप लावतात, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवतात आणि आकड्याने पत्रा ओढून काढतात. जुन्या व्हिडिओत मेन स्विच, ब्लॉक, आकडा यांतलं काहीच नव्हतं. पत्रा निघाल्यावर ब्लॉक बाहेर काढून हुकाला टांगलेला दाखवला, कारण ब्लॉक आत विसरून प्रेस सुरू केली तर तो वेगळाच अपघात.

निवेदन मराठी आणि हिंदी अशा दोन वेगळ्या फायलींत केलं. एकाच व्हिडिओत दोन्ही भाषा घातल्या असत्या तर प्रत्येकाला अर्धा वेळ न कळणारं ऐकत बसावं लागलं असतं.

व्हिडिओला न जमणारं

मालकांना नवीन तुकडा दाखवला तेव्हा त्यांनी लगेच हिशोब केला. "शिफ्टमध्ये दहा वेळा जॉब अडकला तर साडेबारा मिनिटं गेली की." बरोबर आहे हिशोब. आणि मला वाटतं चिकित्सेचा शेवटचा प्रश्न इथेच आहे. व्हिडिओ सांगतोय थांबा, आणि सुपरवायझर सांगतोय आटप, तर पोरगा कोणाचं ऐकेल? व्हिडिओ पहिल्या दिवशी एकदा दिसतो, सुपरवायझर रोज. दहा वेळा जॉब अडकत असेल तर डाय तपासायला हवी, माणसाला घाई करून भागणार नाही. मालक त्यावर "बघतो" म्हणाले. डाय दुरुस्तीला गेली का, हे मी अजून विचारलेलं नाही, पण विचारणार आहे.

दुसरं म्हणजे, हात आत जाऊच नये अशी सोय करणं हे व्हिडिओचं काम नाही. ते गार्डचं काम. यंत्राच्या धोकादायक भागांना कुंपण हवं हे 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या कलम 21 मध्येही लिहिलेलं होतं. वाहन उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांमधल्या अपघातांवर सेफ इन इंडिया फाउंडेशन "क्रश्ड" नावाचे अहवाल काढतं. ते वाचलेत तर पॉवर प्रेस आणि तुटलेली बोटं यांचं नातं वारंवार दिसेल. तिथले सगळे कामगार "न शिकलेले" होते असं समजणं सोयीचं आहे, पण चूक आहे. प्रशिक्षणावरचं संशोधन करताना हा मोह आपल्याला फार पडतो: प्रत्येक अपघात हा "अवेअरनेस"चा प्रश्न वाटायला लागतो, कारण आपल्या हातात तेवढंच औषध असतं.

नवीन तुकडा आम्ही पुढच्या बॅचमधल्या तिघांना दाखवला. पायडलचा प्रश्न विचारला, तिघांनीही "रॅम येईल" सांगितलं. मी खूश झाले, आणि मग लक्षात आलं की आता व्हिडिओच त्या प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे हे पुन्हा आठवणंच झालं. ट्रान्सफर बघायचं तर प्रश्न बदलायला हवा. म्हणून शेजारच्या शिअरिंग मशीनकडे नेलं, ज्याचा व्हिडिओत उल्लेखही नाही, आणि विचारलं, "याची मोटर बंद केली, आता हात घालू का?" तिघांपैकी दोघांनी आधी मागे वाकून चाक कुठे आहे ते शोधलं. तिसऱ्याने बटणाकडे बघितलं आणि "हो" म्हणाला.

तो तिसरा का "हो" म्हणाला, यावर मी अजून विचार करतेय. तुमच्याकडे काही सुचत असेल तर खाली लिहा. आणि तुमच्या विषयातला एखादा शिकवणारा व्हिडिओ घेऊन बसणार असाल, तर पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त कट मोजा. प्रत्येक कटपाशी थांबून विचारा, इथून किती वेळ गेला, आणि तो वेळ बघणाऱ्याला माहीत आहे का?